कांदा कोणत्या सूचीत?

राखीपौर्णिमेला ताईकडे जायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. ताईचे सासर अवसरी बुद्रुक. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने मंचर गाठावे आणि तेथून आत वळावे, की थोड्याच वेळात गाव येते. २०२३ सालची राखीपौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस आली होती. मी पोहोचलो तेव्हा भाची ओसरीवर कागदांचा पसारा मांडून बसली होती. ती बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. महाविद्यालयात तिला एक निबंध सादर करायचा होता : ‘संघराज्यातील अधिकारविभागणी – काही राज्यघटनांची तुलना’. मी आयुष्यभर हाच विषय शिकवलेला. त्यामुळे राखी बांधून होते न होते तोच तिने निबंध माझ्या पुढ्यात ठेवला.

निबंध नेटका होता. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत, हे तिने तक्ता काढून दाखवले होते. मूळ घटनेत संघसूचीत ९७ विषय, राज्यसूचीत ६६ आणि दोघांनाही कायदे करता येतील अशा समवर्ती सूचीत ४७. शेजारच्या रकान्यांत अमेरिका आणि कॅनडा. मी मान डोलावत वाचत होतो, एवढ्यात दाजी बराखीतून आले. अंगावर कांद्याची टरफले, आणि चेहरा उतरलेला. तक्त्याकडे पाहून ते म्हणाले,

“मास्तर, ह्यात आमचा कांदा कुठल्या खान्यात बसतो, तेवढं सांगा. म्हंजी कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची ते तरी कळंल.”

आम्ही मामा-भाची दोघेही हसलो. पण उत्तर द्यायला गेलो, तो दोघेही अडखळलो.

शहरातल्या वाचकांसाठी आधी बराखीबद्दल सांगायला हवे. या भागात उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढतात. पात कापून, चांगला सुकवून तो बराखीत भरतात. बराख म्हणजे वारा आरपार खेळेल अशा कुडांची, वर छप्पर असलेली लांबट कोठी. तेथे कांदा काही महिने टिकतो, पण रोज थोडा थोडा झिजतो. वजन घटते, काही सडतो, काहींना कोंब फुटतात. तरी शेतकरी थांबतो, कारण काढणीच्या वेळी सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. पुढे श्रावण-भाद्रपदात नवा कांदा आलेला नसतो, तेव्हा दोन पैसे मिळतील ही त्याची आशा. थोडक्यात, बराखीतला कांदा ही त्याची ठेव. फरक इतकाच की बँकेतली ठेव वाढते आणि ही घटत जाते.

त्या वर्षी दाजींनी अशीच ठेव राखली होती. आणि १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसवला होता. दाजींच्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण ते होते.

आम्ही कागद घेऊन बसलो आणि कांद्याच्या मागोमाग सूच्यांतून फिरू लागलो. कांदा शेतात आहे तोवर तो राज्याचा, कारण शेती, जमीन आणि पाणी हे तिन्ही विषय राज्यसूचीत आहेत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते ती राज्याच्या महसूल खात्याकडून. कांदा पिशव्यांत भरून मंचरच्या बाजार समितीत नेला, तरी तो राज्याचाच. ‘बाजार व जत्रा’ ही नोंद राज्यसूचीत आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजार समित्या चालतात त्या राज्याच्या १९६३ सालच्या कायद्यावर. लिलाव कसा व्हावा, तोलाई कोणी करावी, पट्टी केव्हा चुकती करावी, हे सारे तो कायदा ठरवतो.

लिलाव झाला आणि व्यापाऱ्याने माल वखारीत टाकला, की कांदा समवर्ती सूचीत शिरतो. तेथे केंद्र आणि राज्य दोघांचाही हात पोहोचतो. मात्र दोघांच्या कायद्यांत विसंगती आली, तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. मालमोटार दिल्लीकडे निघाली, की कांदा आंतरराज्य व्यापार होऊन संघसूचीत जातो. आणि मुंबईच्या बंदराकडे वळली, तर परदेशी व्यापार आणि निर्यातकर हे दोन्ही विषय निव्वळ केंद्राचे. म्हणजे एकच कांदा, एकाच पिशवीतला, अवसरीहून बंदरापर्यंत जाताना तिन्ही सूच्या ओलांडून जातो.

भाचीने विचारले, “मामा, व्यापार राज्याच्या हद्दीतला असला तरी तो समवर्ती सूचीत कसा?”

प्रश्न मार्मिक होता, आणि त्यामागची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते. मूळ घटनेत अन्नधान्याचा राज्यांतर्गत व्यापार राज्यांकडेच होता. पण १९५० साल म्हणजे टंचाईचा आणि रेशनचा काळ. म्हणून घटनाकारांनी अनुच्छेद ३६९ घातला. खाद्यपदार्थ, वैरण, कापूस, कोळसा, लोखंड अशा काही मोजक्या वस्तूंच्या व्यापारावर संसदेलाही कायदे करता येतील, पण फक्त पाच वर्षे, असे त्यात म्हटले होते. जणू अडचणीच्या दिवसांपुरता घरी आलेला पाहुणाच. पाच वर्षांची मुदत जानेवारी १९५५ मध्ये संपायची होती. ती संपण्याच्या सुमारास तिसरी घटनादुरुस्ती झाली, राज्यांच्या विधिमंडळांनी तिला आवश्यक तेवढी संमती दिली, आणि समवर्ती सूचीतील तेहतिसाव्या नोंदीत खाद्यपदार्थ, वैरण, कापूस आणि ताग कायमचे येऊन बसले. पाहुणा घरचाच झाला. त्याच वर्षी जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला. व्यापाऱ्याने किती माल साठवावा यावर मर्यादा येते ती या कायद्याने. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ व्यापाऱ्याला २ टन कांदा ठेवण्याची मर्यादा घातली गेली, तीही याच वाटेने.

दाजी शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “पर मर्यादा व्यापाऱ्याला. मला कुठं हाय?”

मी म्हणालो, “दाजी, व्यापाऱ्याची वखार भरली, की तो लिलावात बोली लावील कशाला?”

“तेच तर,” दाजी म्हणाले. “नेम एकावर आन् गोळी दुसऱ्याला.”

निर्यातकराची गोष्टही अशीच आहे. कर भरतो निर्यातदार, पण त्याची झळ कोठवर येते ते पाहण्यासाठी मी भाचीच्या वहीत एक हिशेब मांडला. आकडे समजुतीपुरते घेतले. समजा, बंदरावर कांद्याची किंमत किलोला ३० रुपये आहे. वाहतूक, प्रतवारी, बांधणी आणि नफा मिळून ८ रुपये जातात. म्हणजे निर्यातदार मंचरच्या लिलावात २२ रुपयांपर्यंत चढू शकतो. आता ३० रुपयांवर ४० टक्के कर लागला, म्हणजे १२ रुपये. परदेशातला गिऱ्हाईक म्हणतो, मी जास्त देणार नाही, मला दुसऱ्या देशाचा कांदा मिळतो. मग निर्यातदाराची बोली उतरून १० रुपयांवर येते. गिऱ्हाइकाने थोडा भार उचलला तर तेवढा उतार कमी. देशातल्या बाजाराची बोली १० च्या वर असेल, तर शेतकऱ्याला ती मिळते, पण निर्यातदाराची चढाओढ लिलावातून गेलेली असते. करासाठी दाजींच्या दाराशी कोणी येत नाही, तरी त्याचा भार मात्र त्यांच्या पट्टीत उतरतो. आमच्याकडे भाव दहा किलोला बोलतात, म्हणून दाजींनी मनातल्या मनात सगळ्याला दहाने गुणले आणि सुस्कारा सोडला.

निर्यात रोखण्याची आणखी दोन साधने केंद्राकडे असतात, आणि पुढच्या काही महिन्यांत ती दोन्ही वापरली गेली. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर ठरले. त्या वेळच्या दराने ते किलोला ६६ रुपयांच्या आसपास जाते. याहून स्वस्त कांदा देशाबाहेर न्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. आणि ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातच बंद झाली, ती थेट ४ मे २०२४ ला उठली. यातली कर बसवणारी अधिसूचना अर्थखात्याची, मूल्य आणि बंदीच्या अधिसूचना वाणिज्य खात्याच्या. महाराष्ट्र सरकारची सही यांपैकी एकाही कागदावर लागत नाही, कारण विषयच त्याच्या सूचीत नाही.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर बसवल्यावर तीनच दिवसांनी केंद्राने राखीव साठ्यासाठी क्विंटलला २,४१० रुपयांनी आणखी दोन लाख टन कांदा घेण्याचे जाहीर केले होते. शिवाय निर्यातीची किल्ली राज्यांकडे दिली, तर कांदा पिकवणारे राज्य ती किल्ली आपल्या सोयीने फिरवील आणि कांदा विकत घेऊन खाणारी राज्ये तोंडाकडे पाहत बसतील. १९९८ साली दिल्लीत कांद्याच्या भावाने निवडणुकीचे वारे कसे फिरवले, ते अनेकांना आठवत असेल. संघराज्यात सगळ्यांचे मिळून पाहणारा कोणीतरी लागतो, यात शंका नाही.

पण ही विभागणी वापरात कशी उतरते, ते पाहण्यासारखे आहे. त्याच २०२३ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उलटा प्रकार घडला होता. माल फार आला आणि भाव कोसळला. तेव्हा धावले राज्य. त्या दोन महिन्यांत विकलेल्या कांद्याला महाराष्ट्र सरकारने क्विंटलला ३५० रुपये, आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान दिले. पैसे राज्याच्या तिजोरीतले. राज्याने मागणी केल्यास बाजारात उतरून खरेदी करण्याची आणि तोटा केंद्राबरोबर निम्मा निम्मा वाटून घेण्याची एक योजना आहे खरी, परंतु तिचाही आरंभ राज्याच्या मागणीपासून, आणि अर्धा तोटा राज्याच्या माथी. थोडक्यात, भाव चढला की केंद्र जागे होते, कारण ते साधन त्याच्या हाती. भाव पडला की राज्याच्या दारात गर्दी होते, कारण शेतकरी त्याच्या सूचीतला. सूच्यांत हे कोठेही लिहिलेले नाही. तीन कोरड्या सूच्या एका ओल्या पिकाला लावल्या म्हणजे हे आपोआप घडते.

एवढे झाल्यावर भाचीच्या तुलनेला अर्थ आला. दुसऱ्या संघराज्यांत हा कांदा कोठे अडला असता?

अमेरिकेच्या घटनेत केंद्राला दिलेल्या अधिकारांची एकच छोटी यादी आहे, बाकी सारे राज्यांचे. त्या यादीत एक वाक्प्रयोग आहे : राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन. शब्द मोजके, पण न्यायालयांनी ते केवढे ताणले, हे ओहायो राज्यातील रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याच्या खटल्यावरून दिसते. गव्हाचे भाव सावरण्यासाठी केंद्राने प्रत्येकाला पेरणीची मर्यादा घातली होती. फिलबर्नला मंजूर ११.१ एकर, त्याने पेरले २३ एकर. जादा गहू आपण विकणार नाही, गुरांना घालू आणि घरी खाऊ, असे त्याचे म्हणणे होते. जो गहू शेताबाहेरच गेला नाही, तो आंतरराज्य व्यापार कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९४२ साली एकमताने उत्तर दिले, की तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. असे सगळ्यांनीच केले, तर देशाच्या बाजारावर परिणाम होईल. सबब केंद्राचा अधिकार आहे.

आणि कांद्याबद्दल म्हणाल, तर अमेरिकेत खास कांद्यासाठी केंद्राचा कायदा आहे. १९५५ साली दोघा व्यापाऱ्यांनी शिकागोत कांद्याचा प्रचंड साठा केला, भाव पडतील अशा बेताने सौदे केले आणि मग माल बाजारात ओतला. पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत ५० पौंडांच्या पिशवीचा भाव दहा सेंटांवर आला. शेतकरी हवालदिल झाले. त्यांच्या ओरडीवरून १९५८ साली तेथील संसदेने कांद्याचे वायदेबाजार बंद केले. म्हणजे अमेरिकेत सूच्या तीन नसल्या, तरी कांदा शेवटी केंद्राच्याच ताब्यात गेला. वाट तेवढी निराळी. आपल्याकडे ती घटनादुरुस्तीतून गेली, तिकडे न्यायाधीशांच्या अर्थ लावण्यातून.

कॅनडाची गोष्ट याच्या उलट. तेथील १८६७ सालच्या घटनेत ‘व्यापार’ हा विषय सरसकट केंद्राला दिलेला होता, शब्द अमेरिकेहून व्यापक. पण न्यायालयांनी तो आकुंचित केला. केंद्राने १९३४ साली शेतमालाच्या विक्रीचा एक मोठा कायदा केला, तो १९३७ साली रद्द ठरला, कारण त्याने प्रांताच्या आतल्या व्यापारातही हात घातला होता. मग पेच पडला. प्रांताच्या आतला बटाटा प्रांताचा, सीमेपलीकडे जाणारा बटाटा केंद्राचा, आणि दोन्ही एकाच ढिगातले. यावर त्यांनी युक्ती काढली. संसदेने आपला अधिकार प्रांताच्या विधिमंडळाला देणे घटनेत बसत नव्हते. पण प्रांताने स्थापलेल्या विक्रीमंडळाला तो देता येईल का? १९४९ च्या कायद्याने तसे केले. प्रिन्स एडवर्ड बेट हा बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेला छोटा प्रांत. तेथल्या बटाटा मंडळाला प्रांताने आतल्या विक्रीचा अधिकार दिला, आणि ओटावाच्या सरकारने त्याच मंडळाला बाहेरच्या प्रांतांतल्या व परदेशातल्या विक्रीचा. १९५२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. एका बटाट्याचे दोन मालक राहिले खरे, पण टेबल एकच झाले.

ही युक्ती सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र नाही. प्रांतिक मंडळे आपल्या प्रांताचेच हित पाहू लागली. बाहेरच्या प्रांताची अंडी आणि कोंबड्या अडवण्यापर्यंत मजल गेली, आणि १९७१ साली मानिटोबा प्रांताची अंड्यांची योजना न्यायालयाला रद्द करावी लागली. नंतर केंद्र आणि प्रांत यांना एकत्र बसून राष्ट्रीय मंडळे उभारावी लागली.

भाची म्हणाली, “मग आपल्याकडे असं मंडळ करता येणार नाही का?”

येथे मला गंमत वाटली, कारण त्याचे अर्धे सोंग आपल्याकडे येऊन गेलेले आहे. एके काळी कांदा निर्यात करायला ठरावीक संस्थांचा ना-हरकत दाखला लागे, आणि त्या संस्थांत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही होते. म्हणजे केंद्राच्या विषयातले एक काम राज्याच्या मंडळाच्या टेबलावर चालत असे. पण किमान मूल्य किती आणि निर्यात चालू की बंद, हे ठरे दिल्लीत. मंडळाकडे शिक्का होता, निर्णय नव्हता. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या मंडळाकडे दोन्ही होते. घटनेने मात्र वाट अडवलेली नाही. अनुच्छेद २५८ प्रमाणे केंद्राला आपल्या अखत्यारीतले काम राज्याच्या संमतीने राज्य सरकारकडे सोपवता येते. ती वाट कांद्यासाठी वापरावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे.

उलट दिशेचा प्रयत्नही आपण पाहिला. २०२० साली संसदेने शेतमालाच्या व्यापाराचे कायदे केले. त्यांतील एकाने बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या खरेदीविक्रीवर राज्याची बाजार फी लागू नये असे ठरवले. आधार कोणता? तीच समवर्ती सूचीतील तेहतिसावी नोंद. राज्ये म्हणाली, बाजार आमच्या सूचीत आहेत. ‘खाद्यपदार्थांचा व्यापार’ कोठे संपतो आणि ‘बाजार’ कोठे सुरू होतो, हा निर्णय न्यायालयाकडून व्हायला हवा होता. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनेच ते कायदे मागे घेतले, आणि प्रश्न जागच्या जागी राहिला.

बोलता बोलता दुपार झाली. ताईने पाने मांडली. ताटात गरम भाकरी, पिठले आणि हाताने फोडलेला कांदा. वाचकहो, मी पुण्यातला. घरी कांदा महागला की आमच्याकडेही सरकारच्या नावाने बोटे मोडली जातात. त्या ताटावर बसल्यावर प्रथमच मला जाणवले की या भांडणात मीही एक पक्षकार आहे. निर्यात थांबते ती माझ्या पिशवीसाठी.

पुढे १३ सप्टेंबर २०२४ ला कर २० टक्क्यांवर आला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो उठला. भाचीचा निबंध त्याआधीच पूर्ण झाला होता. तक्ता तिने ठेवला, पण त्याखाली एक परिच्छेद वाढवला. संघराज्याची परीक्षा करताना कोणता विषय कोणत्या सूचीत आहे एवढेच पाहू नये, निर्णय ज्याने घेतला त्याचा खर्च कोणाच्या पदरात पडतो आणि तो खर्च सोसणाऱ्याला निर्णय घेणाऱ्याच्या टेबलापाशी बसायला जागा आहे का, तेही पाहावे, असे तिने लिहिले. मला त्यात दुरुस्ती सुचवावीशी वाटली नाही.

दाजींना मात्र उत्तर द्यायचे राहिलेच होते. निघताना मी म्हणालो, “दाजी, शेतात असतो तोवर तुमचा कांदा मुंबईच्या सरकारचा, बंदरावर दिल्लीचा, आणि मधल्या वाटेवर दोघांचा.”

दाजींनी बराखीकडे पाहिले. “आन् सडला की?” त्यांनी विचारले.

त्या खान्यात अजून एकाच माणसाचे नाव आहे.